मित्राचं सिलेक्शन झालं, आता एकत्र तयारी चालू ठेवायची का?

प्रश्न: सर, मी आणि माझा रूममेट थर्ड इयरपासून प्लेसमेंटची तयारी एकत्र करतोय. गेल्या महिन्यात त्याचं एका आयटी कंपनीत झालं, माझं टेक्निकल राउंडला गेलं. मला त्याचा खरंच आनंद आहे. त्याचे फॉर्म, कागदपत्रं, सगळ्यात मी बरोबर आहे. घरचे म्हणतात, आता त्याचा नाद सोड आणि स्वतःचं बघ. तो म्हणतो, आपण आधीसारखंच रोज बसू. मी काय करू?

उत्तर:

त्याच्याबरोबर बसणं सोडू नकोस, पण आधीसारखं बसू नका. तुमची आधीची पद्धत दोघंही बाहेर उभे होते तेव्हाची आहे. आता एक जण आत जाऊन आलाय. त्याने जे पाहिलं ते तुला कुठल्याही क्लासमध्ये विकत मिळणार नाही. दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. दोघांनी वर्षभर एकत्र केलेल्या तयारीत तुझी एखादी कच्ची जागा त्याच्यामुळेच झाकली गेली असण्याची बरीच शक्यता आहे. त्यात त्याचा दोष नाही, तुझाही नाही. जोडीने अभ्यास करताना हे होतंच, आणि ते उघड करायला आता तोच सगळ्यात उपयोगी माणूस आहे.

मी आधी काही वर्षं कंपनीकडून कॅम्पसवर मुलाखती घ्यायला जात असे, आता इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे दिसलं त्यावरून सांगतो.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तू टेक्निकल राउंडपर्यंत पोचलास, म्हणजे क्रायटेरिया आणि ऑनलाइन टेस्ट निदान एकदा तरी पार केली आहेस. त्यामुळे पुढचं सगळं तुला लागू होतं. ज्याचं नाव दहावी, बारावी किंवा डिग्रीच्या 60 टक्क्यांच्या अटीतच अडकतं, किंवा ज्याचा बॅकलॉग अजून निघालेला नाही, त्याला मॉक इंटरव्ह्यूने काही फरक पडत नाही. त्याने आधी तो विषय काढावा आणि अट नसलेल्या ठिकाणी अर्ज करावेत. ब्रँचचाही फरक पडतो. कॉम्प्युटर-आयटीच्या मुलाला मार्चपर्यंत कंपन्या दिसत राहतात. मेकॅनिकल-सिव्हिलच्या मुलाला कोअरमधल्या मोजक्याच संधी येतात आणि त्यांची वेळही ठरलेली नसते. शिवाय तुमच्या कॉलेजचा नियम बघ. बहुतेक ठिकाणी एक ऑफर मिळाली की तो विद्यार्थी पुढच्या ड्राइव्हमधून बाहेर होतो. काही कॉलेजांत मात्र जास्त पॅकेजच्या 'ड्रीम' कंपनीला पुन्हा बसू देतात. तसं असेल तर तुम्ही दोघं परत एकाच शॉर्टलिस्टवर येऊ शकता. ते आत्ताच मोकळेपणाने बोलून ठेवा.

आता एका जोडीची गोष्ट सांगतो, कारण तुझा प्रश्न जवळजवळ तिथलाच आहे. दोन मुली होत्या, कॉम्प्युटरच्या. एक बार्शीची, एक संगमनेरची. होस्टेलच्या एकाच खोलीत राहायच्या. नावं सांगत नाही, गावावरूनच ओळखू. थर्ड इयरच्या सुट्टीपासून दोघी रोज रात्री जेवणानंतर बसायच्या. बार्शीचीचा हात कोडिंगवर चांगला होता. संगमनेरची नोट्स काढण्यात आणि समजावून सांगण्यात पक्की. वेळापत्रक तिचं, अॅप्टिट्यूडचे जुने पेपर जमवणं तिचं, डीबीएमएस आणि ऑपरेटिंग सिस्टिमची उजळणी घेणंही तिचंच. फायनल इयरचा प्रोजेक्टही दोघींनी मिळून केलेला: होस्टेलच्या मेससाठी कूपनचं वेब अॅप.

सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला पहिली कंपनी आली. दोघी अॅप्टिट्यूडच्या कटऑफला गेल्या. दुसऱ्या कंपनीत दोघी टेस्ट पार करून मुलाखतीला पोचल्या, बार्शीचीचं झालं, संगमनेरचीचं टेक्निकलला गेलं. संगमनेरचीने त्या रात्री पेढे आणले. पुढच्या आठवड्यात कंपनीने मागितलेली सगळी कागदपत्रं स्कॅन करून, नावातल्या स्पेलिंगचा आधार आणि मार्कशीटमधला फरक शोधून, अॅफिडेव्हिट करायला तहसीलला बरोबर जाऊन, सगळं तिनेच पार पाडलं. तिसऱ्या कंपनीत ती कोडिंगच्या राउंडला बाहेर पडली. चौथ्या कंपनीत पुन्हा टेक्निकलला.

तेव्हा दोघी माझ्याकडे आल्या. संगमनेरचीचं म्हणणं होतं, "सर, माझं इंग्लिश कमी पडतंय." गावाकडून आलेली, बारावीपर्यंत मराठी-सेमीतून शिकलेली बहुतेक मुलं हेच म्हणतात. इंग्रजी कमी पडत असेलही, पण मी त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. मी विचारतो, कुठल्या राउंडला गेलं आणि शेवटचा प्रश्न कोणता होता. कंपनीकडून 'का नाही' याचं कारण क्वचितच कळतं. आम्हालाही फक्त निवड झालेल्यांची यादी येते. त्यामुळे पुरावा एकच उरतो: मुलाला काय विचारलं, त्याने काय सांगितलं, आणि त्यानंतर समोरच्याने तोच विषय पुढे नेला की बदलला. हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं तरच उपयोगाचं असतं. आठवड्यानंतर मुलांना फक्त "खराब गेला" एवढंच आठवतं.

संगमनेरचीने सुदैवाने लिहून ठेवलं होतं, तिचा तो स्वभावच. त्या वहीत काय निघालं ते सविस्तर सांगतो.

पहिल्या टेक्निकल मुलाखतीत प्रोजेक्टवर प्रश्न होता: "लॉगिनमध्ये पासवर्ड कसा साठवता?" तिने सांगितलं, "डेटाबेसमध्ये, युझर टेबलमध्ये." पुढचा प्रश्न: "आहे तसा?" ती थांबली. तिथून समोरच्याने विषय बदलला. लॉगिनचा कोड बार्शीचीने लिहिला होता. संगमनेरचीने स्क्रीन, रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन केलं होतं. प्रोजेक्ट दोघींचा, रेझ्युमेवर दोघींच्या नावापुढे तोच, पण आतलं अर्धं घर तिने पाहिलेलंच नव्हतं. मुलाखत घेणारा माणूस तासाभरात अनेक मुलं बघतो. त्याला प्रोजेक्ट किती मोठा आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला एवढंच पाहायचं असतं, की कागदावर लिहिलंय ते या मुलाने हाताने केलंय का. म्हणून तो एक छोटा दरवाजा निवडतो आणि आत जातो.

दुसऱ्या मुलाखतीत एसक्यूएलचा तो प्रश्न आला जो सगळ्यांनी पाठ केलेला असतो: कर्मचाऱ्यांच्या टेबलमधून दुसऱ्या क्रमांकाचा सर्वात मोठा पगार काढा. तिने लगेच लिहिलं:

```sql
SELECT salary FROM employee
ORDER BY salary DESC
LIMIT 1 OFFSET 1;
```

समोरच्याने विचारलं, "सगळ्यात मोठा पगार दोघांचा सारखाच असेल तर?" समज पगार आहेत 90,000, 90,000 आणि 70,000. ही क्वेरी उतरत्या क्रमाने लावते, पहिली ओळ सोडते आणि दुसरी देते. म्हणजे उत्तर येतं पुन्हा 90,000. हवं होतं 70,000. संगमनेरचीला काहीतरी चुकतंय हे कळलं, पण काय ते सांगता आलं नाही. खोलीत हा प्रश्न त्यांनी कितीतरी वेळा केला होता, आणि प्रत्येक वेळी हा फाटा बार्शीचीच काढायची, दुरुस्तही तीच करायची:

```sql
SELECT MAX(salary) FROM employee
WHERE salary < (SELECT MAX(salary) FROM employee);
```

संगमनेरचीच्या वहीत ही दुसरी क्वेरी सुवाच्य अक्षरात होती, लाल पेनाने चौकटसुद्धा केलेली. पण ती तिची नव्हती.

कोडिंग राउंडचंही तेच. प्रश्न सोपा होता: संख्यांची यादी दिली आहे, त्यात अशा दोन संख्या आहेत का ज्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते? तिने एका लूपमध्ये दुसरा लूप घातला, प्रत्येक जोडी तपासली. स्क्रीनवर दिसणारे टेस्ट केस पास झाले. लपवलेले अर्धे वेळ संपल्यामुळे नापास. यादीत एक लाख संख्या असतील तर जोड्या होतात सुमारे 500 कोटी, त्या दिलेल्या वेळेत तपासून होत नाहीत. तेच काम यादीतून एकदाच जात, पाहिलेल्या संख्या सेटमध्ये टाकत, "मला हवी असलेली दुसरी संख्या आधी येऊन गेली का" एवढंच विचारत केलं की एक लाख पावलांत संपतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. खोलीत असा प्रश्न आला की ती दोन लूप लिहायला लागायची आणि दोन मिनिटांत शेजारून आवाज यायचा, "अगं, सेट घे ना." मग ती बरोबर लिहायची. तिच्या हिशेबात तो प्रश्न 'सुटला' होता. परीक्षेच्या खोलीत तो आवाज नव्हता.

जोडीने तयारी करताना कामाची वाटणी कधी होते ते कळतही नाही. एक जण सुरुवात करतो, दुसरा पूर्ण करतो. दोघांना वाटतं दोघांचं झालं. ज्याच्याकडे शेवटचं पाऊल असतं तो निवडला जातो आणि ज्याच्याकडे पहिलं असतं तो मागे राहतो. बरं, बार्शीचीचंही काही कच्चं होतंच. अॅप्टिट्यूडमध्ये ती संगमनेरचीच्या जुन्या पेपरांवर उभी होती, फक्त ते राउंड तिला तारून गेलं. तुमच्या दोघांत वाटणी वेगळी असेल. कदाचित तो बोलायचा आणि तू मान हलवायचास. कदाचित डेटा स्ट्रक्चर त्याचं आणि नेटवर्किंग तुझं असेल. ते शोधायला सोपी कसोटी आहे. तुम्ही दोघांनी 'झालं' म्हणून सोडलेले दहा प्रश्न तुझ्या मित्राने निवडावेत. तू दुसऱ्या खोलीत, फोन बाहेर ठेवून, कोऱ्या कागदावर ते एकट्याने सोडव. जे अर्धवट राहतील, तिथे तुझा नव्हे, त्याचा हात होता असं समज.

यानंतर त्या दोघींनी बसायची पद्धत बदलली. त्यातलं जे कामाचं ठरलं ते सांगतो.

बार्शीचीने शिकवणं बंद केलं आणि मुलाखत घ्यायला सुरुवात केली. ही भूमिका निवड झालेल्याला चांगली जमते, कारण खोलीत काय घडतं ते त्याने नुकतंच पाहिलेलं असतं. पण त्याला शिस्त लागते. नियम असा केला की एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर काहीही आलं तरी त्याच उत्तरातून पुढचे दोन प्रश्न काढायचे. मध्ये दुरुस्त करायचं नाही, "बरोबर" म्हणायचं नाही, चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. मैत्रिणीला हे फार जड जातं. समोर ती अडकलेली दिसते आणि उत्तर आपल्या जिभेवर असतं. बार्शीची पहिल्या दिवशी तीनदा बोलून गेली. मग त्यांनी संभाषण फोनवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि संपल्यावर दोघी ऐकायच्या. आपण किती वेळा मदत करतो हे ऐकल्यावर तिचं तिलाच कळलं.

पासवर्डचा धागा घेऊन बघ, दोन पुढचे प्रश्न म्हणजे काय ते समजेल. पहिला प्रश्न: कसा साठवता? उत्तर: आहे तसा साठवत नाही, त्याचा हॅश साठवतो, आणि लॉगिनच्या वेळी टाकलेल्या पासवर्डचा पुन्हा हॅश काढून जुळवतो. पुढचा: दोन युझरचा पासवर्ड एकच असेल तर टेबलमध्ये दोघांपुढे सारखंच दिसेल का? इथे सॉल्ट यायला हवा: प्रत्येकासाठी वेगळी यादृच्छिक भर घालूनच हॅश काढतात, म्हणून वेगळं दिसतं. त्याच्या पुढचा: युझर पासवर्ड विसरला तर तुम्ही त्याला तोच ईमेलने पाठवू शकता का? नाही, कारण हॅशवरून मूळ पासवर्ड परत मिळत नाही, म्हणून नवीन ठेवायची लिंक पाठवतात. हा तिसरा प्रश्न पाठ केलेला मुलगा आणि समजलेला मुलगा यांना वेगळं करतो, आणि त्याचं उत्तर द्यायला इंग्रजीची चार साधी वाक्यं पुरतात.

दुसरा बदल प्रोजेक्टमध्ये केला. संगमनेरचीने लॉगिनचा भाग रिकाम्या फाइलपासून पुन्हा लिहिला. बार्शीचीचा कोड बघायचा नाही, अडलं तर इंटरनेटवरचं डॉक्युमेंटेशन बघायचं. त्यात चार संध्याकाळी गेल्या आणि तिचा कोड बार्शीचीपेक्षा ओबडधोबड झाला. पण तो तिचा झाला. बाकीच्या भागांसाठी तेवढा वेळ नव्हता. तेव्हा ज्या भागाला तिने हात लावलेला नाही त्याबद्दल मुलाखतीत सरळ सांगायचं ठरलं: "हा भाग माझ्या मैत्रिणीने लिहिला, तो काय करतो ते मी सांगू शकते, माझं काम लॉगिन आणि कूपनच्या स्क्रीनचं." मी स्वतः मुलाखती घेताना असं उत्तर कधी कमी लेखलं नाही. उलट प्रश्न कुठे विचारायचे ते कळतं, आणि मुलगा आपल्या जमिनीवर उभा राहतो.

रेझ्युमेलाही त्यांनी कात्री लावली. बार्शीचीने तिच्या मुलाखतीत पाहिलं होतं की समोरचा माणूस रेझ्युमेवर पेनाने शब्दांना गोल करत होता आणि तिथूनच विचारत होता. म्हणून संगमनेरचीच्या रेझ्युमेवरचा प्रत्येक शब्द ती विचारायची, आणि ज्या शब्दावर तीन प्रश्न टिकत नव्हते तो काढून टाकायचा. 'मशीन लर्निंग' गेलं, एका दिवसाच्या वर्कशॉपवरून लिहिलेलं होतं. 'क्लाउड' गेलं. पान अर्धं रिकामं झालं म्हणून ती घाबरली होती. फ्रेशरच्या अर्ध्या पानाने काही बिघडत नाही, न टिकणाऱ्या एका शब्दाने मात्र सगळी मुलाखत बिघडू शकते.

कोडिंगसाठी नियम फार साधा होता: पहिली पंचवीस मिनिटं दोघींनीही तोंड उघडायचं नाही. त्यानंतरही बार्शीचीने उत्तर सांगायचं नाही, फक्त एक मोठा किंवा विचित्र इनपुट द्यायचा, म्हणजे एक लाख संख्या, सगळ्या सारख्या संख्या, किंवा रिकामी यादी. कोड कुठे मोडतो ते संगमनेरचीने स्वतः बघायचं. मॉक टेस्टमध्ये दिसणारे केस पास आणि लपवलेले नापास होत असतील तर दोनच ठिकाणी बघायचं: वेळ संपतोय की कडेची उदाहरणं सुटताहेत. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिल्यात पद्धत बदलावी लागते, दुसऱ्यात फक्त एखादी अट वाढवायची असते.

हे सगळं रोज किती वेळ? दोघींनी दिवसाआड एक तास ठरवला होता, त्याहून जास्त नाही. बाकीचा वेळ संगमनेरची एकटी. तुझ्या घरच्यांच्या बोलण्यात मला पटणारा भाग हाच आहे. तयारीतला मोठा भाग आता तुझा एकट्याचा असायला हवा. त्यांना "मी त्याला सोडणार नाही" असं सांगून वाद घालण्यापेक्षा तुझं वेळापत्रक दाखव. त्यात मित्राचा तास कुठे आहे आणि तो तुझ्या मुलाखतीसाठी आहे हे त्यांना दिसलं की बोलणं बदलतं. "त्याचं झालं, तुझं का नाही?" हा प्रश्न घरी येणारच. त्यावर "माझं टेक्निकलला जातंय आणि त्यावर काम चालू आहे" एवढं नेमकं उत्तर तुझ्याकडे हवं. आई-वडिलांना अपयशापेक्षा काय चाललंय ते न कळण्याची भीती जास्त असते.

तू त्याच्या कागदपत्रांत मदत करतोयस, ते मला मनापासून आवडलं. त्याला मर्यादा घाल, पण थांबवू नकोस. संगमनेरचीला त्या धावपळीतून दोन गोष्टी मिळाल्या. निवडीनंतर काय काय लागतं ते तिला आधीच कळलं, आणि नावाच्या स्पेलिंगचा घोळ तिच्याही मार्कशीटमध्ये होता तो तिने वेळेत दुरुस्त करून घेतला. फक्त ज्या दिवशी तुझी टेस्ट आहे त्याच्या आदल्या दिवशी त्याचं कुठलंही काम घेऊ नकोस, आणि तसं त्याला सांग. मित्र आहे, समजून घेईल.

एखाद्या दिवशी हेवा वाटला, तो त्याच्या ग्रुपवर ट्रेनिंगच्या गप्पा मारत असताना तुला तिथून उठून जावंसं वाटलं, तर ऊठ. त्याने तुझा आनंद खोटा ठरत नाही. संगमनेरचीने बार्शीचीला सरळ सांगितलं होतं, "ऑफरचं बोलायचं ते जेवताना बोल, अभ्यासाच्या तासात नको." बार्शीचीने पाळलं. मी तर निवड झालेल्या मुलांना सांगतो की "तुझंही होईल" हे वाक्य बोलूच नका. ते तुमच्या हातात नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. त्याऐवजी तुम्हाला विचारलेले प्रश्न सांगा, कुठे अडखळलात ते सांगा, समोरच्याने काय ऐकल्यावर मान हलवली ते सांगा.

रेफरलबद्दलही आत्ताच स्पष्ट असू दे. तुझा मित्र उद्या म्हणेल, "मी जॉइन झालो की तुला आत घेतो." त्याच्या मनातलं ते खरं असेल. पण ट्रेनिंगमध्ये असलेल्या फ्रेशरच्या शब्दावर निवड होत नसते. रेफरलने फार तर रेझ्युमे बघितला जातो, टेस्ट आणि मुलाखत तुझी तुलाच द्यावी लागते. शिवाय त्याच्या हातात आत्ता आहे ते ऑफर लेटर आहे की फक्त लेटर ऑफ इंटेंट, तेही बघा. 2022 ला पास झालेल्या बॅचमधल्या कित्येक मुलांना निवड होऊनही जॉइनिंगसाठी महिनोन् महिने थांबावं लागलं. म्हणून त्यानेही अभ्यास चालू ठेवण्यात त्याचं हित आहे. दिवसाआडचा तास तो तुझ्यावर उपकार म्हणून देत नाहीये. मुलाखत घेताना प्रश्न तयार करावे लागतात, आणि त्यात त्याची उजळणी होते.

संगमनेरचीचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण तू विचारशीलच. पाचव्या कंपनीत ती टेक्निकल पार करून एचआरला गेली आणि तिथे राहिली. त्या वेळी जागाच कमी होत्या, तिच्या वहीतून मला तरी कुठली चूक दिसली नाही. असंही होतं, आणि अशा वेळी पद्धत बदलायची नसते. फेब्रुवारीत दुसऱ्या कॉलेजमध्ये झालेल्या पूल कॅम्पसमध्ये तिचं एका छोट्या प्रॉडक्ट कंपनीत झालं. पॅकेज बार्शीचीपेक्षा थोडं कमी होतं, काम मात्र पहिल्या दिवसापासून कोडिंगचं. मुलाखतीत पासवर्डचा प्रश्न आला नाही. मेसचं कूपन एकाच वेळी दोन मोबाइलवरून वापरलं तर काय होईल, असं विचारलं. हा प्रश्न बार्शीचीने कधी विचारला नव्हता. संगमनेरचीने तिथल्या तिथे विचार करून, डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनपर्यंत स्वतः पोचून उत्तर दिलं.

तुझं मार्चपर्यंत कॅम्पसमधून झालं नाही तर वाटा बंद होत नाहीत, पण त्यांची तयारी आत्तापासून दिसायला हवी. पूल कॅम्पसच्या नोटिसा तुमच्या टीपीओकडे येतात. त्या ग्रुपवर पडण्याची वाट न बघता आठवड्यातून एकदा जाऊन विचार. टीसीएससारख्या कंपन्यांच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षा कॉलेजबाहेरूनही देता येतात. सीडॅकचा डीएसी कोर्स हा महाराष्ट्रातल्या मुलांचा जुना आणि खात्रीचा रस्ता आहे. साधारण सहा महिन्यांचा असतो, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून मिळतो, वर्षातून दोनदा बॅच निघते आणि त्याचं स्वतःचं प्लेसमेंट असतं. पण फी बरीच आहे आणि अभ्यास दिवसभराचा, तेव्हा घरची परिस्थिती बघून ठरव. आत्ताच त्याच्या मागे लागून चालू ड्राइव्ह सोडू नकोस.

आज रात्री एवढं कर. आतापर्यंतच्या प्रत्येक ड्राइव्हसमोर कुठल्या राउंडला बाहेर पडलास ते लिही, आणि टेक्निकलमध्ये शेवटचे जे दोन-तीन प्रश्न आठवतात ते, तुझ्या उत्तरांसकट. मित्राला बरोबर घेऊनच लिही, त्याला तुझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. प्रोजेक्टचा कुठला भाग कुणी लिहिला तेही टाक. ते इथे पाठवलंस तर तुझी वाटणी कुठे झाली आहे ते बघून पुढचे प्रश्न मी काढून देतो.